गाडी सुटते कधी ते कळते, कल्याणला पोहोचते कधी तेही लिहा

प्रति,
माननीय विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मुंबई विभाग, मध्य रेल्वे

महोदय,

मी बदलापूरला राहते आणि कामाला दादरला येते. नव्या गाड्या, जादा डबे, फेऱ्यांची वाढ यांबद्दल आपल्याला पुष्कळ पत्रे येत असतील. या पत्रातली मागणी त्यांहून लहान आहे. स्थानकावरच्या इंडिकेटरवर आणखी एक वेळ लिहावी, एवढेच मला सांगायचे आहे. ती वेळ का लिहावी हे मात्र नीट मांडायला हवे, कारण रोज संध्याकाळी माझ्यासारखी हजारो माणसे जिन्याच्या तोंडाशी उभी राहून जो हिशेब मनातल्या मनात करतात, तो कागदावर आलेला मी पाहिलेला नाही.

आजचा इंडिकेटर प्रवाशाला चार गोष्टी सांगतो: गाडी कुठे जाते, किती वाजता आहे, धीमी की जलद, आणि डबे बारा की पंधरा. ज्याला दादरहून घाटकोपरला जायचे आहे त्याला एवढे पुरते. धीमी आणि जलद यांत घाटकोपरपर्यंत चार-पाच मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे समोर येईल ती गाडी पकडली तरी काही बिघडत नाही. पण कल्याणच्या पलीकडे जाणाऱ्याला हवी असलेली गोष्ट या चारांत नाही. दादरहून आधी कोण सुटते हे त्याला कळते. बदलापूरला आधी कोण पोहोचते हे कळत नाही, आणि हे दोन क्रम बऱ्याचदा उलटे असतात.

ते उलटे का होतात, हे थांबे मोजले की दिसते. दादर सोडल्यावर कल्याणच्या आधी धीम्या गाडीला माटुंग्यापासून ठाकुर्लीपर्यंत सतरा स्थानके लागतात. नेहमीची जलद गाडी त्यांतल्या कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली आणि काही वेळा दिवा, एवढ्याच ठिकाणी थांबते. म्हणजे बारा थांबे वाचले. एका थांब्याची किंमत फलाटावर उभे राहण्याच्या अर्ध्या मिनिटापुरती नसते. गाडी आधी वेग कमी करते, मग थांबते, मग पुन्हा वेग घेते. हे सगळे धरले तर एक थांबा साधारण दीड मिनिटाला पडतो. बारा थांब्यांची सतरा-अठरा मिनिटे झाली. दादर ते कल्याण धीम्या गाडीला सुमारे सत्तर मिनिटे आणि जलदला सुमारे त्रेपन्न मिनिटे लागतात, ते यामुळेच. इंजिन किंवा मोटरमन वेगळा असतो म्हणून नव्हे.

हा फरक सगळ्या वाटेवर सारखा पसरलेला नाही, आणि नव्याने राहायला आलेल्या माणसाचा घोटाळा इथेच होतो. दादर ते ठाणे या टप्प्यात जलद गाडी आठ थांबे गाळते, म्हणजे बारा मिनिटे तिथेच वाचतात. ठाणे ते कल्याण या टप्प्यात कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्ली असे चार गाळले जातात. तिथली बचत सहा मिनिटांची. कल्याणच्या पुढे तर काहीच बचत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असो, की दुसऱ्या फाट्यावरचे शहाड, आंबिवली, टिटवाळा असो, जलद म्हणून आलेली गाडीही तिथे प्रत्येक स्थानकावर थांबते. कल्याण ते बदलापूर वीस मिनिटे, गाडी कुठलीही असो.

आणि तिथे एक गाडी दुसरीला ओलांडूही शकत नाही. कल्याणपर्यंत धीम्या आणि जलद गाड्यांचे रूळ वेगळे आहेत, म्हणून मागून येणारी जलद पुढच्या धीमीला मागे टाकते. कल्याणनंतर कर्जतच्या आणि कसाऱ्याच्या वाटेवर लोकलला जायला एक रूळ आणि यायला एक. कल्याणहून जी गाडी आधी निघाली ती बदलापूरला आधी पोहोचली. म्हणून दूरच्या प्रवाशाचा सगळा प्रश्न एका प्रश्नात मावतो: माझ्या फाट्यावर जाणारी कुठली गाडी कल्याणहून आधी निघणार, आणि त्या वेळी मी कल्याणला पोहोचलेली असेन का?

आता एक संध्याकाळ उदाहरणादाखल घेऊ. वेळा मी सोयीसाठी धरल्या आहेत, पण लागणारी मिनिटे वर सांगितली तीच आहेत. संध्याकाळचे सात वाजले आहेत. बदलापूरची एक बाई दादरच्या पुलावर आहे. धीम्या फलाटाच्या इंडिकेटरवर 7:06 ची बदलापूर दिसते आहे. जलद फलाटावर 7:05 ची कल्याण, मग 7:12 ची कसारा, मग 7:20 ची कर्जत.

नव्याने राहायला आलेली बाई 7:06 च्या धीमीकडे धावते. गाडीवर तिच्या गावाचे नाव आहे, गाडी सहा मिनिटांवर आहे, आणि कर्जतसाठी वीस मिनिटे कोण थांबणार? ती गाडी 8:16 ला कल्याणला आणि 8:36 ला बदलापूरला पोहोचते. 7:20 ची कर्जत जलद चौदा मिनिटे मागून सुटते, पण 8:13 ला कल्याणला असते आणि 8:33 ला बदलापूरला. म्हणजे जी बाई दादरला चौदा मिनिटे जास्त फलाटावर उभी राहिली ती घरी तीन मिनिटे आधी पोहोचली, आणि गाडीत सतरा मिनिटे कमी उभी राहिली. गर्दीच्या वेळी तीन मिनिटांपेक्षा या सतरा मिनिटांची किंमत जास्त आहे.

इथपर्यंतचा हिशेब अनुभवी प्रवासी सहज करतात. ठाण्यासाठी बारा मिनिटे, कल्याणसाठी सतरा. धीमी सुटल्यानंतर एवढ्या मिनिटांच्या आत जलद असेल तर जलदसाठी थांबावे. हा आकडा ज्याच्या त्याच्या डोक्यात असतो, जरी तो तोंडाने सांगता आला नाही तरी. पण याच्या पुढची पायरी फार थोड्यांना जमते, आणि इंडिकेटरने मदत करायला हवी ती तिथे.

7:05 ची कल्याण जलद बघा. ती बदलापूरला जात नाही, म्हणून बदलापूरची माणसे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ती 7:58 ला कल्याणला पोहोचते. आता समजा, आपली बाई पुलावर यायच्या पाच मिनिटे आधी, 6:55 ला, दादरहून एक धीमी बदलापूर सुटलेली होती. ती गाडी 8:05 ला कल्याणला येते. कल्याण जलदने गेलेल्या बाईला ती सात मिनिटे राखून मिळते आणि 8:25 ला बदलापूरला पोहोचवते. कर्जत जलदपेक्षा आठ मिनिटे आधी, आणि 7:06 च्या धीमीपेक्षा अकरा मिनिटे आधी. दादरला जी गाडी तिच्या डोळ्यांसमोरही नव्हती, जी इंडिकेटरवरून केव्हाच पुसली गेली होती, तीच तिला सगळ्यात लवकर घरी नेते.

ही युक्ती मला वांगणीच्या एका ताईंनी शिकवली. गाडीच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बाई, दादरला काय गेलं ते विसरायचं नसतं. जी गेली, तिला कल्याणला गाठायचं." त्यांच्याजवळ वेळापत्रकाचे पुस्तक नव्हते. धीम्या बदलापूर आणि अंबरनाथ गाड्या कुठल्या वेळेच्या आहेत, त्या त्यांना पाठ होत्या. ज्याला पाठ नाहीत त्याने काय करावे? मोबाईलवर वेळापत्रक उघडून सुटलेल्या गाड्या मागे जाऊन शोधता येतात, पण पुलावर एका हातात पिशवी असताना, मागून माणसे ढकलत असताना, चार गाड्यांची बेरीज-वजाबाकी करणे सोपे नाही. फलाटावर उतरले की निर्णय झालाच. दादरला धीम्या फलाटावरून जलद फलाटावर जायचे तर पुन्हा पूल चढावा लागतो, आणि तेवढ्यात गाडी जाते.

या युक्तीला मर्यादा आहेत, त्याही सांगते, कारण त्या लक्षात न घेता कुणी ही मागणी मान्य करू नये. कल्याणला जलद आणि धीम्या गाड्यांचे फलाट वेगळे आहेत. संध्याकाळी तिथला पूल भरलेला असतो. सात मिनिटांत तरुण माणूस आरामात पलीकडे जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला तेवढा वेळ पुरेलच असे नाही. शिवाय कल्याण जलद चार-पाच मिनिटे उशिरा आली की गाठ चुकते. पण चुकली तर नुकसान किती, हे बघण्यासारखे आहे. त्या बाईला कल्याणला 8:13 ची तीच कर्जत मिळते, जी तिने दादरला सोडली होती. वेळ गेला नाही. गेली ती जागा, कारण कर्जत गाडी कल्याणला येईपर्यंत दारापर्यंत भरलेली असते. उलट गाठ साधली तर धीमी बदलापूर कल्याणला बरीच रिकामी होते. डोंबिवली आणि कल्याणची माणसे उतरून गेलेली असतात, आणि शेवटची वीस मिनिटे बसायला मिळण्याची शक्यता असते.

कसारा गाडीचा फसवा मोहही इथेच आहे. 7:12 ची कसारा जलद कल्याणला 8:05 ला येते, म्हणजे कर्जतच्या आठ मिनिटे आधी. पण ती दुसऱ्या फाट्याची आहे. बदलापूरच्या माणसाला तिचा उपयोग कल्याणपर्यंतच, आणि त्या उदाहरणात 8:05 ची धीमी गाठायला तिच्याकडे एक मिनिटही शिल्लक नाही. आपल्या सांकेतिक अक्षरांत कसाऱ्याला N आणि कर्जतला S आहे, ईशान्य आणि आग्नेय फाट्यांमुळे. जुन्या प्रवाशांना ही अक्षरे पाठ असतात. पण धीम्या गाडीलाही S लावतात, आणि बाहेरगावाहून आलेला माणूस एका ओळीत S आणि F पाहून गाडी धीमी की जलद, असा बुचकळ्यात पडतो. जिथे पूर्ण नाव लिहिले जाते तिथे हा प्रश्न उरत नाही. अक्षरे ठेवायचीच असतील तर गाव आणि प्रकार यांच्या अक्षरांचा रंग तरी वेगळा असावा.

ठाण्याला हाच हिशेब बदलतो, आणि तो बदल अनेकांच्या ध्यानात येत नाही. दादरला सवय लागलेली माणसे ठाण्यालाही जलदसाठी पंधरा मिनिटे थांबतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जलदची बचत सहा मिनिटांची. धीमी अंबरनाथ किंवा बदलापूर समोर उभी असेल आणि जलद दहा मिनिटांनी असेल, तर धीमीत चढावे. ती कल्याणला आधी पोहोचते, आणि पुढे तिला कुणी ओलांडत नाही. घाटकोपरला हा आकडा बारा-तेरा मिनिटांच्या आसपास येतो. म्हणजे तोच प्रवासी, त्याच घरी जाणारा, पण कुठल्या स्थानकावर उभा आहे त्यावर थांबण्याची मर्यादा सतरा, तेरा किंवा सहा. हे सगळे प्रत्येकाने घोकून ठेवावे, अशी अपेक्षा आपण का ठेवायची?

उशीर झाला की काय होते, हेही या हिशेबात बसते. मुंबई ते कुर्ला लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या जलद रुळांवरूनच जातात. कुर्ल्याच्या पुढे त्यांना स्वतंत्र पाचवी आणि सहावी मार्गिका मिळते. ठाणे ते दिवा हा तिचा राहिलेला तुकडा 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तेव्हापासून ठाण्यापलीकडे जलद लोकल पूर्वीपेक्षा मोकळ्या झाल्या. कुर्ल्याच्या अलीकडचा तुकडा अजून तसाच आहे. त्यामुळे संध्याकाळी एखादी मेल मागेपुढे झाली की तिच्या मागच्या दोन-तीन जलद लोकल सरकतात, आणि दादरला उभ्या माणसाला त्याचे कारण दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच: इंडिकेटरवर 7:05, स्थानकाच्या घड्याळात 7:11, आणि ओळ हललेली नाही.

अशा वेळी बहुतेक माणसे घाबरून धीम्या फलाटाकडे पळतात. त्यांनी पळू नये, असे माझा हिशेब सांगतो. जलद आणि धीमी यांत कल्याणपर्यंत सतरा मिनिटांची राखीव पुंजी आहे. जलद दहा मिनिटे उशिरा असली तरी आत्ता सुटणाऱ्या धीमीच्या आधी ती कल्याणला असते. उशीर सतरा मिनिटांच्या पुढे जाणार अशी चिन्हे असतील, म्हणजे दोन जलद गाड्यांच्या वेळा टळून गेल्या आणि फलाटावर एकही आली नाही, तरच धीमी शहाणपणाची. ठाण्याला उतरणाऱ्याची पुंजी बारा मिनिटांची आहे, त्याने लवकर पाय उचलावा. हे तेव्हाच कळेल, जेव्हा इंडिकेटर छापील वेळ न दाखवता येणाऱ्या गाडीची खरी वेळ दाखवेल.

रविवारच्या मेगाब्लॉकला तर हा सगळा हिशेब मोडतो, आणि तो मोडल्याचे प्रवाशाला वेळेवर कळायला हवे. ब्लॉक धीम्या मार्गावर असला की बऱ्याचदा माटुंगा ते मुलुंड धीम्या गाड्या जलद रुळांवर येतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला त्या थांबत नाहीत. म्हणजे धीमी गाडी काही थांबे गाळून जलदच्या मागोमाग त्याच रुळावरून चालते, आणि मुलुंडपर्यंत जलदला तिला ओलांडायची वाट नसते. त्या दिवशी सतरा मिनिटांचा नियम लावून कुणी जलदसाठी थांबला तर तो फसतो. आपल्या फाट्यावर जाणारी जी पहिली गाडी येईल तीत चढणे, हाच त्या दिवसाचा नियम. वर्तमानपत्रांत ब्लॉकची बातमी असते आणि स्थानकावर घोषणाही होते, पण इंडिकेटरवर त्या गाडीपुढे धीमी एवढेच लिहिलेले असते, ती आज कुठल्या रुळावरून जाते ते नसते.

आता माझी मागणी. दादर, कुर्ला, घाटकोपर आणि ठाणे या चार स्थानकांच्या पुलांवर, जिने उतरण्याच्या आधी, एक एकत्र फलक असावा. त्यावर धीम्या आणि जलद दोन्ही मार्गांच्या पुढच्या गाड्या एकाच यादीत असाव्यात. सुटण्याच्या वेळेशेजारी फक्त एक वेळ वाढवावी: कल्याणला पोहोचण्याची. आणि यादीचा क्रम त्या वेळेप्रमाणे लावावा. वरच्या उदाहरणात ती यादी अशी दिसली असती: कल्याण जलद 7:05, कल्याणला 7:58. कसारा जलद 7:12, कल्याणला 8:05. कर्जत जलद 7:20, कल्याणला 8:13. बदलापूर धीमी 7:06, कल्याणला 8:16. एवढे वाचून कुठलाही नवा माणूस धीमीकडे धावला नसता. त्याला थांबे मोजावे लागले नसते आणि वजाबाकीही करावी लागली नसती.

सुटलेल्या गाडीचाही विचार व्हावा. यादीतली पहिली गाडी कल्याणला पोहोचल्यानंतर कर्जत फाट्याची आणि कसारा फाट्याची तिथून निघणारी पुढची गाडी कुठली आणि ती किती वाजता, या दोन ओळी याच फलकाच्या तळाशी आल्या, तर 6:55 ला गेलेली धीमी पुन्हा दिसू लागेल. बदलापूरकराला कळेल की 8:05 ला कल्याणहून एक गाडी आहे, आणि 7:58 ला पोहोचणारी कल्याण जलद त्याला तिच्यापर्यंत नेते. थांबायचे की बदलायचे, हे तो आपल्या गुडघ्यांप्रमाणे आणि हातातल्या ओझ्याप्रमाणे ठरवेल.

यासाठी वेगळी माहिती गोळा करावी लागणार नाही. गाड्या कुठे आहेत हे विभागाच्या नियंत्रण कक्षाला दिसत असते. मध्य रेल्वेच्या यात्री ॲपवर तर लोकल नकाशावर चालताना प्रवाशालाही दिसते. मोबाईल असलेल्या आणि तो वापरता येणाऱ्या माणसापुरती ती सोय आहे. पण गाडी कुठे आहे हे दाखवणे वेगळे आणि ती माझ्या स्थानकाला दुसऱ्या गाडीच्या आधी पोहोचेल का हे सांगणे वेगळे. पहिली गोष्ट यंत्रणेकडे आहे. दुसरी तिच्यातून काढायला एक बेरीज लागते, आणि ती बेरीज आज प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे, घाईत करतो.

एक शंका कुणीतरी काढेल, म्हणून आधीच लिहिते. सगळ्यांना जलदचा फायदा कळला तर जलद गाड्या आणखी भरतील. मला तसे वाटत नाही. आज कर्जत आणि कसारा जलदमध्ये ठाण्याची आणि डोंबिवलीची माणसेही चढतात, कारण ती समोर येते आणि जलद आहे एवढेच त्यांना दिसते. दारातल्या वादांतले बरेचसे तिथून सुरू होतात. ठाण्याला जाणाऱ्याला जर फलकावरून कळले की चार मिनिटांनी येणारी ठाणे किंवा कल्याण गाडी त्याला जवळपास त्याच वेळी पोहोचवते, तर तो कर्जत गाडीच्या दारात अडकून पडणार नाही. ठाण्यापासून पुढे जाणारा धीमीत बसेल. बसून जायचे म्हणून सत्तर मिनिटांची धीमी मुद्दाम निवडणारी वयस्क माणसेही आहेत, त्यांचाही निर्णय नीट माहितीवर होईल. गर्दी कमी होणार नाही हे मी जाणते. ती चुकीच्या गाडीत थोडी कमी जाईल.

सुरुवात एका फलकाने करता येईल. तो दादरच्या मध्य रेल्वेच्या बाजूला, जिथून माणूस धीम्या आणि जलद फलाटांच्या जिन्यांकडे वळतो, तिथे लावावा. वेळ फक्त कल्याणची दाखवावी. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव यांच्या वेळा वाढवायचा मोह आवरावा, कारण कल्याणच्या पुढे सगळ्या गाड्या सारख्याच चालतात आणि लांबलचक यादी पुलावर कुणी वाचत नाही. मेगाब्लॉकच्या दिवशी वळवलेल्या गाडीपुढे तेवढे दोन शब्द लिहावेत. आणि छापील वेळापत्रकाची वेळ दाखवायची असेल तर फलक लावूच नये. ज्या संध्याकाळी गाड्या वेळेवर असतात त्या संध्याकाळी आम्ही सवयीने चालवून घेतो. फलकाची गरज लागते ती मेल अडकलेली असते त्या संध्याकाळी.

आपली,
बदलापूरची एक पासधारक